दख्खनची माती, कोनसीमेची शेती

त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी सुमारे 1,465 किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. तिचं जवळपास निम्मं खोरं महाराष्ट्रात आहे. पावसाळ्यात दख्खनच्या काळ्या रानातून धुपलेली माती तिच्या पाण्याबरोबर आंध्र प्रदेशात पोहोचते.

पापीकोंडालूच्या डोंगरांतून बाहेर पडून राजमहेंद्रीजवळ आली की नदीपुढे सपाट मैदान पसरतं. उतार कमी होतो, पाण्याचा वेग मंदावतो आणि वाहून आणलेलं ओझं पेलवेनासं होतं. जड वाळू आधी खाली बसते, बारीक गाळ आणखी पुढे जातो. चिकणमातीचे कण मात्र इतके सूक्ष्म असतात की गोड्या पाण्यात ते तरंगतच राहतात, कारण सारख्याच विद्युतभारामुळे ते एकमेकांना दूर लोटतात. खाऱ्या पाण्यातले क्षार हा दुरावा मोडतात. मग कणांचे पुंजके होतात आणि तेही तळाशी बसतात.

साचलेल्या गाळाने पात्र उथळ झालं की पुराचं पाणी नवी वाट शोधतं आणि नदीला फाटे फुटतात. धवळेश्वरमच्या खाली गोदावरीचे गौतमी आणि वसिष्ठा असे दोन मोठे प्रवाह होतात. त्यांच्यामधल्या गाळाच्या सखल भूमीवर भातखाचरं आणि नारळीच्या बागांची कोनसीमा वसली आहे. कोकणातल्या नद्या आखूड आणि वेगवान आहेत. त्यांच्या मुखाशी भरती-ओहोटीही जोरदार असते. त्यामुळे तिथे असे त्रिभुज प्रदेश न होता खाड्या दिसतात.

ही जमीन सुपीक का? बेसॉल्ट खडक झिजून तयार झालेल्या चिकणमातीच्या कणांवर कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पोटॅशियम धरून राहतात आणि पिकांच्या मुळांना हळूहळू मिळत जातात. ही माती ओलही टिकवते. त्यात कुजलेला पालापाचोळा मिसळतो आणि प्रत्येक पूर त्यावर नवा थर चढवतो. मात्र पीक हमखास येण्यासाठी वेळेवर पाणीही लागतं. आर्थर कॉटन यांनी 1852 मध्ये धवळेश्वरमचा बंधारा पूर्ण केला आणि कालव्यांमधून ते शेतांपर्यंत पोहोचू लागलं.

मात्र गाळाची जमीन स्वतःच्याच भाराने दबत, खचत असते. नव्या गाळाची भर पडली तरच तिची उंची टिकते. आता खोऱ्यातल्या धरणांच्या जलाशयांत पाणी संथ होतं आणि बराचसा गाळ तिथेच बसतो. अभ्यासकांच्या मोजणीनुसार समुद्रापर्यंत पोहोचणारा गोदावरीचा गाळ 1970 च्या दशकाच्या तुलनेत 1990 च्या दशकात निम्म्याहूनही कमी झाला. किनारा काही ठिकाणी मागे सरकणं आणि विहिरी खारट होणं, ही अशा घटीची लक्षणं आहेत. पैठणच्या जायकवाडीत गाळ साठतो तेव्हा धरणाची क्षमता घटते आणि कोनसीमेचा वाटाही कमी होतो. म्हणून धरणांचं नियोजन करताना पाण्याइतकाच गाळाचाही हिशेब मांडायला हवा.