लॉगिनची नोंद कशी वाचायची? 'नागपूर' दिसलं म्हणून घाबरू नका

जीमेलवर 'नव्या उपकरणातून लॉगिन झालं' असा इशारा आला की आपले बरेच कार्यकर्ते दोनपैकी एक गोष्ट करतात. घाबरून मेलमधलं बटण दाबतात, नाहीतर 'असे मेल येतच असतात' म्हणून सोडून देतात. दोन्हींत धोका आहे. मेल खरा की खोटा, हे त्याची भाषा किंवा लोगो पाहून कळत नाही. ते खात्याच्या आतल्या नोंदीवरून कळतं.

म्हणून मेलमधल्या लिंकला हात न लावता ब्राउझरमध्ये स्वतः myaccount.google.com टाइप करा आणि Security भागात जा. तिथे Recent security activity खाली गेल्या 28 दिवसांतल्या घडामोडी दिसतात. मेलमधली घटना तिथे असेल तर इशारा खरा. नसेल, तर तो मेल तुमचा पासवर्ड काढून घेण्यासाठी कुणीतरी पाठवला आहे असं समजा.

पण इशारा खरा म्हणजे उपकरण परकंच, असं नाही. त्यासाठी Your devices मधली यादी वाचावी लागते, आणि इथे आपल्या भागातली मुलं हमखास ठिकाणाकडे पाहून फसतात. मोबाइल इंटरनेटचं ठिकाण टॉवरवरून नाही, तर कंपनीच्या आयपी पत्त्यावरून काढलेलं असतं. त्यामुळे फोन अहेरीत असला तरी नोंदीत नागपूर, मुंबई किंवा आणखी कुठलं शहर दिसू शकतं. ठिकाण हा सगळ्यात कच्चा पुरावा. वेळ आणि उपकरण हे पक्के.

वेळही मेल आल्याची धरू नका. भामरागडकडे रेंज नसताना दुपारचा इशारा रात्री फोनवर पडतो. नोंदीतली वेळ धरा.

समजा, मूलमधल्या एका मंडळाचं खातं चार जण वापरतात. 16 ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर कार्यक्रम आहे. आदल्या रात्री 9 वाजता इशारा दिसतो. नोंदीत विंडोज, क्रोम, दुपारी 3.40, ठिकाण नागपूर. चौघांपैकी कुणाकडेच संगणक नाही. चौकशी केल्यावर कळतं की त्याच वेळी एक जण पत्रकाची प्रिंट काढायला ऑनलाइन सेवा केंद्रात गेला होता आणि तिथे त्याने खातं उघडलं होतं. वेळ जुळली, उपकरण जुळलं. ठिकाण जुळलं नाही तरी चालेल. मात्र काम संपलेलं नाही. केंद्रातल्या संगणकावर खातं अजून उघडंच आहे. त्या ओळीवर जाऊन Sign out करायलाच हवं. शिष्यवृत्तीचे फॉर्म भरणाऱ्या मुलांची अशी किती खाती किती केंद्रांत उघडी पडली असतील, याचा विचार करून पाहा.

आता तीच ओळ पहाटे 2.15 ची असती आणि चौघांपैकी कुणीच होकार दिला नसता, तर ते उपकरण परकं धरायचं. आधी स्क्रीनशॉट काढा, कारण नंतर तो पुरावा राहतो. मग ते उपकरण बाहेर काढा, पासवर्ड बदला आणि सर्वांत महत्त्वाचं, रिकव्हरी ईमेल व रिकव्हरी फोन नंबर तुमचेच आहेत का ते पाहा. जीमेलच्या सेटिंगमध्ये मेल दुसऱ्या पत्त्यावर आपोआप जात नाही ना, तेही तपासा.

रिकव्हरीवर एवढा भर का? भीमा कोरेगाव प्रकरणातले रोना विल्सन, वरवरा राव आणि हनी बाबू यांच्या ईमेल खात्यांत 2018 आणि 2019 मध्ये परका रिकव्हरी ईमेल आणि फोन नंबर जोडले गेल्याचं 2022 मध्ये सेंटिनेलवन या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी समोर आणलं. त्याचा धागा पुणे पोलिसांतल्या एका अधिकाऱ्यापर्यंत जात असल्याचं त्यांचं म्हणणं होतं. अशी जोड राहिली तर मालकाने पासवर्ड बदलला तरी घुसणाऱ्याला खातं परत मिळवता येतं. उपकरणांची यादी स्वच्छ दिसेल, दार मात्र उघडंच राहील.

या नोंदीची एक मर्यादाही आहे. ऑक्टोबर 2019 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने पेगॅससच्या हल्ल्याबद्दल भारतातल्या काही जणांना स्वतः कळवलं. त्यांत नागपूरचे वकील निहालसिंग राठोड होते, गडचिरोलीत वकिली करणारेही एक जण होते. तो हल्ला व्हिडिओ कॉलच्या वाटेने थेट फोनवर झाला होता. फोनच ताब्यात गेला की वाचणारा तुमच्याच उपकरणातून वाचतो, नवं लॉगिन होतच नाही, आणि यादीत फक्त तुमचाच फोन दिसतो. अशी शंका असेल तर त्या फोनवरून पासवर्ड बदलू नका. विश्वासाच्या दुसऱ्या उपकरणावरून बदला आणि तो फोन फॉरमॅट न करता जाणकाराला दाखवा.