नट निघाला, बोल्ट निघेना

कोकण किनाऱ्यावर वापरलेल्या छोट्या गाडीचे मागचे शॉकअब बदलताना वरची जोडणी बहुधा मुकाट्याने सुटते. रखडवतो तो खालचा आडवा बोल्ट. चाकाने उडवलेला चिखल आणि पाणी त्याच्यावर सतत बसत असतं.

शॉकअबच्या खालच्या डोळ्यात रबरी बुश असतो आणि त्याच्या मध्यातून लोखंडी नळी जाते. ॲक्सलच्या दोन कानांमधून आणि या नळीतून बोल्ट आरपार गेलेला असतो. नळी आणि बोल्ट यांच्यातल्या बारीक फटीत पाणी शिरलं की गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे बोल्ट नळीच्या पूर्ण लांबीभर आवळला जातो.

म्हणूनच नट सहज निघूनही बोल्ट हलत नाही. पाना लावल्यावर तो थोडा फिरतो आणि सोडताच मागे येतो. आटे सुटल्यासारखं वाटतं, पण खरं तर बोल्टसोबत नळीही फिरत असते आणि रबर तिला परत ओढत असतं. गंज सोडवणारं तेल दोन्ही टोकांना मारून रात्रभर ठेवावं, मात्र मधल्या भागापर्यंत ते क्वचितच पोहोचतं. नट टोकाशी येईल इतका परत चढवून हातोडा मारावा; उघड्या टोकावर मारला तर आटे चेपतात. पण रबर घाव गिळतं, हेही ध्यानात ठेवावं.

शॉकअब टाकायचाच असेल, तर दहा-पंधरा घावांनंतर मी कापायचा निर्णय घेईन. गॅसची ज्योत इथे नको: रबर पेटतं, शॉकअबमध्ये तेल आणि बऱ्याचदा दाबाखालचा वायू असतो, शिवाय ब्रेकचा पाइप जवळच असतो.

गाडी स्टँडवर पक्की बसवून ॲक्सलखाली जॅकचा आधार द्यावा. अनेक गाड्यांत ॲक्सल किती खाली लोंबावा हे शॉकअबच ठरवतो. तो सुटताच ॲक्सल खाली येऊन स्प्रिंग निसटू शकते. डोळ्यांवर गॉगल हवाच. बुशच्या नळीची टोकं डोळ्याच्या थोडी बाहेर येतात. तिथे, कानाला अगदी लागून पण कानाला न दुखावता, धातू कापणारं पातं चालवावं. नळी आणि बोल्ट दोन्ही एकत्र कापले जातात. दुसऱ्या बाजूलाही तसाच काप दिला की शॉकअब निघून येतो आणि कानांत अडकलेले तुकडे पंचाने ठोकून काढता येतात. एका बाजूचा नट कानाला वेल्ड केलेला असेल, तर तिथला तुकडा आट्यांतून फिरवूनच काढावा लागतो.

कानांची भोकं घासून स्वच्छ करावीत. नवा बोल्ट जुन्याच्याच मापाचा आणि ताकदीचा घ्यावा. डोक्यावरचा आकडा, जसं 8.8 किंवा 10.9, जुळवून पाहावा. त्याच्या गुळगुळीत भागाला ग्रीसचा पातळ थर द्यावा, आट्यांना नको. शेवटचं आवळणं गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच करावं, कारण लोंबत्या अवस्थेत आवळलेला बुश गाडी उतरताच पिळला जातो आणि लवकर फाटतो.