आर्वो, सर्वो आणि माझा झालेला पोपट

मेलबर्नमधल्या नव्या नोकरीचा चौथा दिवस. सकाळी पावणेनऊला टीम लीडरचा मेसेज आला. जसा होता तसा देतो : 'ट्रकी'ज ॲट द सर्वो टिल स्मोको. टेक हिम द डॉकेट. स्पार्की'ज चक्ड अ सिकी. बॉटल-ओ धिस आर्वो, यू इन?'

आपण इंग्लिश मीडियमवाले. वर इंजिनीअर. आयईएल्टीएसमध्ये उत्तम स्कोअर. आणि या चार ओळींमधलं मला फक्त 'टेक हिम द डॉकेट' कळलं. डॉकेट म्हणजे मालाबरोबरचं चलन. पण न्यायचं कुठे? 'सर्वो' वाचल्यावर माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली, सर्वो मोटर. म्हणजे हा ट्रकी नावाचा गृहस्थ वर्कशॉपमध्ये सर्वो मोटरपाशी उभा असणार! मी चलन घेऊन थेट मागच्या वर्कशॉपमध्ये. तिथे मोटरही नव्हती आणि ट्रकीही नव्हता. मग स्टोअरमध्ये विचारलं, गोडाऊन पालथं घातलं. 'स्मोको'कडे तर मी लक्षच दिलं नाही. मी सिगारेट ओढत नाही, मला काय त्याचं?

अकरा वाजता रिसेप्शनवरच्या बाईंनी माझी अवस्था बघून मेसेज वाचून दाखवला आणि हसत हसत कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपाकडे बोट केलं. तोवर ट्रक निघून गेला होता. चलन नाही म्हणून साइटवर माल उतरवून घेतला नाही, ट्रक परत फिरला, आणि शुक्रवार असल्यामुळे तो माल थेट सोमवारी पोचला. प्रोबेशनवरच्या माणसाने चौथ्याच दिवशी केलेला हा लोच्या. कुणी ओरडलं नाही, पण माझी जाम टरकली होती.

तर मंडळी, तो मेसेज आता सोडवू या.

ट्रकी हे कुणाचं नाव नाही, तो ट्रक ड्रायव्हर. सर्वो म्हणजे सर्व्हिस स्टेशन, अर्थात पेट्रोल पंप. (आपल्याकडे इंडियन ऑइलच्या पंपावर 'सर्वो' नावाचं इंजिन ऑइल मिळतं. त्याचा इथे काही संबंध नाही, पण लक्षात ठेवायला सोपं.) नावात सर्व्हिस असली तरी तुमची सर्व्हिस तिथे कुणी करत नाही. पेट्रोल स्वतः भरायचं, आत जाऊन पैसे द्यायचे. आत दूध, कॉफी, बर्फ, गरम मीट पाय असं सगळं मिळतं. त्यामुळे 'सर्वोला जाऊन येतो' म्हणणाऱ्याच्या गाडीची टाकी फुल्ल असू शकते.

स्मोको म्हणजे कामातली छोटी सुट्टी. मूळ शब्द स्मोकवरून आलाय खरा, पण आज त्याचा अर्थ आपल्या 'चहाची सुट्टी' इतकाच. बांधकामाच्या साइटवर ती साधारण साडेनऊ-दहाला असते, कारण ही माणसं सकाळी सातला कामाला लागलेली असतात. थोडक्यात, मला दहाच्या आत पंपावर पोचायचं होतं. स्मोको हे ठिकाण नव्हतं, ती डेडलाइन होती! स्पार्की म्हणजे इलेक्ट्रिशियन. त्याने 'सिकी' मारली, म्हणजे आजारपणाची रजा टाकली. (सिकी मारणारा खरंच आजारी असेलच असं नाही, हे सांगायला नको.) बॉटल-ओ म्हणजे दारूचं दुकान. आणि आर्वो म्हणजे आफ्टरनून. संध्याकाळी, साहेबांच्या भाषेत दुपारी, सगळे बिअर आणायला जाणार होते आणि मलाही बोलावलं होतं. मी उत्तरच दिलं नाही. ते आमंत्रण आहे हेच कळलं नव्हतं.

यातला आर्वो माझा सगळ्यात लाडका शब्द, कारण त्याची गंमत कानाने जास्त कळते. लिहिताना त्यात 'र' आहे, पण ऑस्ट्रेलियन माणूस तो उच्चारतच नाही. तिथे 'आर' हे फक्त लांब 'आ' लिहायची पद्धत आहे. उच्चार होतो 'आऽवो'. पहिल्यांदा मागून हाक ऐकली तेव्हा मला शप्पथ वाटलं, कुणीतरी 'अहो' म्हणतंय! आफ्टरनूनमधला पहिला ठोका घ्यायचा, 'आफ', आणि त्याला 'ओ' लावायचा. तो झाला 'आफो'. पण दोन स्वरांमध्ये सापडलेला 'फ' मऊ पडून त्याचा 'व' झाला. इंग्रजीत नाइफचं नाइव्ह्ज होतं, तीच तऱ्हा. हाच प्रकार 'स'च्या बाबतीत. मॉस्किटोचं मॉझी आणि खुद्द ऑस्ट्रेलियनचं ऑझी होतं. 'ऑसी' म्हणालात की तुम्ही नवे आहात हे लगेच ओळखतात.

आणि खरी मारामारी पुढे आहे. 'धिस आर्वो' घाईघाईत म्हटलं की त्याचं 'सावो' होतं. म्हणजे 'सी यू सावो' हे 'दुपारी भेटू', आणि 'सी यू ॲट द सऽवो' हे 'पंपावर भेटू'. फरक एका स्वराचा. पहिल्यात तोंड उघडून 'सा', दुसऱ्यात ओठ जेमतेम हलवून 'स' लांबवलेला. मला अजून फोनवर गोंधळ होतो. माझी युक्ती साधी आहे. मागे 'ॲट द' किंवा 'टू द' ऐकू आलं तर जागा, नाहीतर वेळ.

आता तुम्ही म्हणाल, फंडा कळला. शब्द तोडायचा, मागे ओ किंवा ई चिकटवायची, झालं ऑस्ट्रेलियन! मीही असंच समजलो होतो. पण कुठे ओ आणि कुठे ई याला पक्का नियम नाही. पोस्टमनचा पोस्टी, विटा रचणाऱ्याचा ब्रिकी, सुताराचा चिपी. पण कचरा उचलणारा गार्बो आणि पत्रकार जर्नो. बरं, शब्द कसा तोडायचा हे कळलं तरी अर्थाचा अंदाज फसतो. एकदा सहकाऱ्याच्या बहिणीची ओळख करून देताना कुणीतरी म्हणालं, ती 'हॉस्पो'मध्ये आहे. मी चेहरा गंभीर करून विचारलं, 'काय झालं, आता बरी आहे ना?' ती वेट्रेस होती. हॉस्पो म्हणजे हॉस्पिटल नव्हे, हॉस्पिटॅलिटी. तसंच कॉम्पो म्हणजे कॉम्पिटिशन नाही, तर कामावर दुखापत झाली की मिळणारी भरपाई. बाइकी म्हणजे बाइकवेडा तरुण नाही, तर मोटरसायकलवाल्या गुन्हेगारी टोळीतला मेंबर. आपल्या बुलेटप्रेमी मित्राला कौतुकाने 'बाइकी' म्हणाल तर तो चिडेल. आणि गाडीच्या रजिस्ट्रेशनचं 'रेगो' असं लिहितात, पण बोलायचं 'रेजो'.

म्हणून माझा सल्ला असा की स्वतः शब्द पाडू नका. जे दोन-तीन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकलंय तेच वापरा. मी मीटिंगचं 'मीटो' करून बघितलं होतं. खोलीत पसरलेली ती शांतता मला आयुष्यभर पुरेल.

एक गोष्ट मात्र थट्टेची नाही. माणसांच्या जमातीला किंवा देशाला छोटं केलेले काही शब्द इथे चक्क शिव्या आहेत. इथल्या मूळ रहिवाशांसाठीचा ओ लावलेला शब्द जुन्या पुस्तकांत, जुन्या सिनेमांत भेटेल, तो तोंडातून काढू नका. आणि आपल्यासाठी खास धोका : मराठी पेपरांच्या हेडलाइनमध्ये आपण 'पाक' सर्रास वाचतो, म्हणून क्रिकेटवर बोलताना इंग्रजीत त्याला ई जोडली जाते. ब्रिटनप्रमाणेच इथेही ती वर्णद्वेषी शिवी आहे. पूर्ण 'पाकिस्तानी' म्हणा, जीभ झिजत नाही.

हा सगळा उद्योग ही माणसं करतात तरी कशाला? आळस, असं तेच सांगतात. मला पटत नाही. जॉनचं 'जॉनो' करतात, त्यात तर अक्षरं वाढतात! कॅनबेराच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या, मूळच्या पोलंडच्या ॲना विएझबिका या भाषातज्ज्ञ बाईंनी 1984 मध्ये यावर लिहिलं. त्यांचं म्हणणं साधारण असं की हे लाडाचे, लहान मुलांचे बोल नाहीत. त्यात 'ही गोष्ट तुझ्यामाझ्या रोजच्या ओळखीची आहे, तिचं काय एवढं' असा भाव असतो. 'ओ'चं मूळ काही जण फेरीवाल्यांच्या आरोळीत शोधतात. दूधवाला 'मिल्क-ओऽ' ओरडायचा म्हणून तो मिल्को. रिकाम्या बाटल्या गोळा करणारा 'बॉटल-ओऽ'. तोच शब्द पुढे भरलेल्या बाटल्या विकणाऱ्या दुकानाला चिकटला. आपल्या गल्लीतला 'ए रद्दीऽऽवाला' आठवला की हे लगेच पटतं.

शिवाय इथे मोठ्या माणसांचीही यातून सुटका नाही. जेफ थॉमसन तो थॉमो, शेन वॉर्न तो वॉर्नी. 2022 मध्ये पंतप्रधान झालेल्या अँथनी अल्बानीज यांना अख्खा देश 'अल्बो' म्हणतो, तेही तोंडावर. मॅकडोनाल्ड्सला इथे कुणीही पूर्ण नावाने हाक मारत नाही, 'मॅकाज' म्हणतात. म्हणून 2013 च्या ऑस्ट्रेलिया डेला कंपनीने काही शाखांच्या पाट्याच बदलून तशा केल्या. आणि ज्याच्याशिवाय आपला दिवस जात नाही तो 'सेल्फी'? त्या शब्दाची सर्वात जुनी सापडलेली नोंद 2002 मधली, एका ऑस्ट्रेलियन माणसाने इंटरनेटवर लिहिलेली. तीच ती शेवटची ई!

खरं तर हे आपल्याला नवीन नाही. प्रकाशचा पक्या, संजयचा संज्या, गणेशचा गण्या. अक्षरं वाचतातच असं नाही, पण 'गण्या' म्हणायचा हक्क लागतो. साहेबाने पहिल्याच दिवशी 'काय रे गण्या' म्हटलं तर चालेल का? इथेही तसंच आहे. टेरीचा टेझा, गॅरीचा गॅझा मित्रच करतात. तुमच्या नावाचं लोकांनी काही भलतंच केलं आणि ते आवडलं नाही तर सरळ सांगा. ऑफिसातल्या एका तमिळ मुलीने सांगितलं की माझं पूर्ण नाव घ्या. दोन दिवस लोक अडखळले, मग नीट घ्यायला लागले.

मी मात्र सांगितलं नाही. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी स्पार्कीने साइटवरून हाक मारली, 'शैलो, स्मोको!' मी हातातलं काम टाकून वेळेवर पोचलो. रात्री आईला फोनवर कौतुकाने सांगितलं की मला इथे शैलो म्हणतात.

'मग शैल्या काय वाईट होतं?' आई म्हणाली.