२२ स्लाइड्समधून एक प्रश्न

विक्रीचं प्रेझेंटेशन समोर बसलेल्या माणसासाठी केलेलं असतं. त्याने वेळ दिलेला असतो, चहा सांगितलेला असतो. अनोळखी फोन उचलणाऱ्याने यातलं काहीच कबूल केलेलं नसतं. म्हणूनच स्लाइड्सचा सारांश वाचून दाखवणारे फोन पहिल्या दोन वाक्यांतच कापले जातात.

समजा, एक छोटी कंपनी कारखान्यांतल्या कॉम्प्रेस्ड हवेच्या पाइपलाइनमधली गळती शोधून देते. तिच्या प्रेझेंटेशनमध्ये २२ स्लाइड्स आहेत. पहिल्या आठांत कंपनीची वाटचाल, पुरस्कार आणि ग्राहकांचे लोगो. फोनसाठी त्या सगळ्या बाद. खरा माल सतराव्या स्लाइडवर आहे, गळती कशी ओळखतात तिथे. मशिनं बंद असताना हवा कोणी वापरत नाही. तरीही कॉम्प्रेसर पुन्हा पुन्हा लोड घेत असेल, तर ती हवा गळतीतून चालली आहे. हे मालकाला स्वतः शेडमध्ये उभं राहून ऐकता येतं. सुरुवात तिथूनच करावी.

"नमस्कार साहेब, मी अमुक कंपनीतून बोलतोय, आपली आधीची ओळख नाही. कॉम्प्रेसरच्या वीजखर्चाबद्दल अर्धा मिनिट बोलू का?" हो म्हणाले तर लगेच विचारा, "जेवणाच्या सुट्टीत मशिनं बंद असताना तुमचा कॉम्प्रेसर लोड घेतो का?" आणि गप्प बसा. हे गप्प बसणं संहितेत लिहूनच ठेवा, नाहीतर घाईत माणूस पुढचं बोलून टाकतो.

त्यानंतर फायदे दोनच सांगा. अल्ट्रासॉनिक यंत्राने तपासणी होते, त्यामुळे उत्पादन थांबवावं लागत नाही. आणि प्रत्येक गळतीवर टॅग लावून मिळतो, म्हणजे बरीचशी दुरुस्ती त्यांचा फिटरच करू शकतो. प्रेझेंटेशनमधला '३० टक्के बचत' हा आकडा मात्र गाळा. "कशावरून?" या प्रश्नाला मोजणी केल्याशिवाय प्रामाणिक उत्तर नसतं.

आक्षेपांची उत्तरं वाद घालण्यासाठी नसतात. "आमचा मेंटेनन्सवाला बघतो," असं म्हटलं तर, "छान, मग सुट्टीतली ती चाचणी त्यांनाच करायला सांगा, गुरुवारी मी निकाल विचारतो." "मेल करा," म्हटलं तर, "करतो. एक पानच पाठवतो. कॉम्प्रेसर किती एचपीचा आहे तेवढं सांगता?" दुसऱ्यांदा नकार आला की आभार मानून फोन ठेवावा. फोनवर विकायची आहे ती फक्त २० मिनिटांची भेट.

बहुतेक जण तुमच्या प्रश्नाआधीच "मेल करा" म्हणू लागले, तर आक्षेपाचं उत्तर घोटत बसू नका; सुरुवात लांबली आहे, ती कापा. आणि फोन लावण्याआधी डीएनडी यादी तपासा. ट्रायच्या नियमांनुसार असे जाहिरातीचे कॉल साध्या मोबाइलवरून नव्हे, नोंदणी करून मिळणाऱ्या १४० मालिकेतल्या क्रमांकावरून करायचे असतात.