मुखपृष्ठकाराचा पहिला पोर्टफोलिओ

पुस्तकांची मुखपृष्ठे करू पाहणाऱ्या नवोदिताकडे प्रकाशक आधीचे काम मागतो, आणि तेच नेमके त्याच्याकडे नसते. अशा वेळी कोणी न सांगताच काही मुखपृष्ठे करून तीच नमुना म्हणून दाखवण्याची रीत आहे. मात्र यातले बरेचसे नमुने पाहताक्षणी कच्चे वाटतात. चित्र देखणे असते, पण पुस्तक कुठे दिसत नाही. कणा नाही, मलपृष्ठ नाही, बारकोडला जागा नाही.

सुरुवात पुस्तक निवडण्यापासून होते. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी मजकूर स्वामित्वहक्कातून मुक्त होतो, म्हणून जुने लेखक सोयीचे. हरि नारायण आपटे १९१९ साली वारले. त्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’, ‘उषःकाल’ आणि ‘गड आला पण सिंह गेला’ या तीन कादंबऱ्यांची एक मालिका केली, तर एक सामाजिक आणि दोन ऐतिहासिक पुस्तके एकाच घरातली कशी दिसतील, हा खरा प्रश्न हाती येतो. जुन्या आवृत्तीवरचे चित्र किंवा इंटरनेटवर सापडलेले छायाचित्र मात्र घेऊ नये. त्यांचे हक्क वेगळे असतात.

ग्राहक नसला की बंधनेही नसतात, आणि नमुन्याचे काम बहुधा तिथेच ढिले पडते. म्हणून बंधने आधी कागदावर लिहून काढावी लागतात: आकार डेमी, म्हणजे ५.५ × ८.५ इंच, पाने ३२०, छपाई दोनच रंगांत, वाचक कॉलेजातला, आपट्यांचे नाव फक्त ऐकलेला. पाने ठरली की कणा ठरतो. ३२० पाने म्हणजे १६० पत्रे. एका पत्र्याची जाडी ०.१ मिमी धरली तर कणा १६ मिमी. मलपृष्ठ, कणा आणि मुखपृष्ठ एकाच सलग फाइलमध्ये मांडून चारी बाजूंना कापणीसाठी ३ मिमी ब्लीड सोडला, की छापखान्याला काय लागते हे करणाऱ्याला ठाऊक असल्याचे फाइलच सांगते.

‘पण लक्षात कोण घेतो?’साठी पहिल्यांदा सुचते ते मान खाली घातलेल्या विधवेचे चित्र. ते टाकून देणे बरे, कारण ते कुणालाही सुचते. ही कादंबरी यमू स्वतः सांगते. तेव्हा तिच्या सांगण्यालाच मुखपृष्ठावर आणावे. शीर्षक हस्ताक्षरात, ‘पण’ लहान, ‘लक्षात’ मोठे, आणि शेवटचे प्रश्नचिन्ह दुसऱ्या रंगात. हीच मांडणी उरलेल्या दोन पुस्तकांना चालते का, हे लगेच करून बघावे. ‘उषःकाल’मध्ये एकच शब्द आहे, ‘गड आला पण सिंह गेला’मध्ये पाच. तिन्हींना पेलत नसेल, तर ती मालिकेची मांडणी नव्हे.

देवनागरीत अडखळण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. शीर्षक ऐसपैस दिसावे म्हणून अक्षरांतले अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते आणि शब्द सुटे होतात. सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सोय चालू नसेल तर ‘क्ष’ फुटून हलंत ‘क्’ आणि ‘ष’ वेगळे दिसतात. ‘लक्षात’ या शब्दात ही चूक झाली तर पुढचे काही कोणी बघणार नाही. फॉन्टचा परवानाही तपासावा. ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे एक टाइपचे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत.

पडद्यावर सारेच झळाळते. म्हणून मुखपृष्ठ खऱ्या आकारात छापून, जाड पुस्तकावर गुंडाळून, कपाटातल्या इतर पुस्तकांत ठेवून चार हात लांबून बघावे. मग साधी काळी-पांढरी झेरॉक्स काढावी. तीत शीर्षक पार्श्वभूमीत विरघळले, तर रंग कितीही गोड असोत, उजळ-गडदपणात फरक कमी आहे.

पोर्टफोलिओत अशा दोन-तीन मालिका पुरतात. प्रत्येकीसोबत ठरवलेली बंधने, टाकलेली एक-दोन कच्ची रेखाटने आणि ती का टाकली याची दोन वाक्ये द्यावीत. पारखी प्रकाशक पक्क्या चित्राइतकेच तेही वाचतो. संगणकावर बनवलेल्या, टेबलावर कॉफीशेजारी ठेवलेल्या पुस्तकाच्या चित्रांची रेलचेल नको. एक पुरे. खऱ्या प्रकाशनसंस्थेचे बोधचिन्ह तर मुळीच वापरू नये, आणि ‘स्वतःहून केलेला नमुना’ हे शब्द पहिल्याच पानावर असावेत. काम मागून घेतलेले नसताना तसे भासवले, तर ते एका फोनवर उघडे पडते.

एक गोष्ट नमुन्यांतून कळत नाही: हा माणूस दुसऱ्याचे म्हणणे ऐकून काम बदलतो का. त्यावर अर्धा उपाय आहे. एखाद्या ग्रंथपालाला किंवा पुस्तकविक्रेत्याला मुखपृष्ठ दाखवावे, त्याची हरकत जशीच्या तशी नोंदवावी आणि बदललेली दुसरी आवृत्ती पहिलीच्या शेजारी ठेवावी. उरलेला अर्धा भाग पहिले पैशाचे काम मिळाल्यावरच भरून निघतो. ते छापून आले की सगळ्यांत दुबळा नमुना काढून त्याची जागा त्याला द्यावी.