शेवटच्या बिलानंतरचं पत्र

समजा, चाकणच्या एका कारखान्यात विजेच्या देखभालीचं काम तीन वर्षं एका छोट्या ठेकेदाराकडे होतं. यंदा मुख्य कार्यालयाने सगळ्या शाखांसाठी एकच मोठी एजन्सी नेमली आणि त्याचं कंत्राट मार्चअखेर संपलं. भांडण नाही, तक्रार नाही. अशा वेळी बहुतेक ठेकेदार शेवटचं बिल लावतात आणि पुढच्या साइटला लागतात. फार तर व्हॉट्सअॅपवर हात जोडल्याचं चित्र जातं. काहीजण पत्र लिहितात, पण त्याच पत्रात आभारही असतात, थकबाकीही असते आणि नव्या कामाची विनवणीही. वाचणारा साहेब आकड्यापाशी थांबतो आणि पत्र अकाउंट्सकडे ढकलतो.

म्हणून जाणते ठेकेदार पैशाचा पत्रव्यवहार वेगळा ठेवतात. देखभालीच्या अनेक कंत्राटांत बिलाचा काही टक्के भाग कंपनी राखून ठेवते. ठेकेदारांच्या भाषेत ‘रिटेन्शन’. तो सुटायला काही महिने जातात. तो अडकलेला असताना आभाराच्या भरात ‘आमचा सर्व हिशेब पूर्ण झाला’ असं लिहिलं, तर उद्या तेच वाक्य समोरून दाखवलं जाऊ शकतं. ‘आता काही येणं नाही’ असं लिहून दिलेल्या कागदावरून वाद कोर्टापर्यंत जातात. नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध बोघारा पॉलिफॅब या प्रकरणात 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे अशाच पावतीचा प्रश्न होता. दबावाखाली सही घेतल्याची तक्रार असेल, तर केवळ त्या कागदामुळे लवादाचा रस्ता बंद होत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. पण तिथवर जायची पाळी कशाला आणायची? आभाराच्या पत्रात हिशेबाचा शब्दही नको.

मग पत्रात असावं काय? ‘आपल्या सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार’ ही ओळ कोणत्याही कारखान्याला पाठवता येते, म्हणून ती कोणाच्याच लक्षात राहत नाही. लक्षात राहतो तो प्रसंग. आपल्या ठेकेदाराचं पत्र असं असू शकतं:

‘साहेब, 31 मार्चला आमचं काम संपलं. दुसऱ्या वर्षी पावसात मुख्य पॅनेलमध्ये पाणी शिरलं, त्या रात्री आपल्या शिफ्ट इन्चार्जनी लाइन वेळीच बंद केली, म्हणून आमची माणसं सुरक्षित काम करू शकली. त्यांना आमचे धन्यवाद कळवावेत. वायरिंगचा सुधारित नकाशा, अर्थिंगच्या तीन वर्षांच्या नोंदी आणि शिल्लक सुट्या भागांची यादी मेन्टेनन्स ऑफिसच्या कपाटात फाइल करून ठेवली आहे. चाव्या स्टोअरला दिल्याची पोच सोबत आहे. नव्या एजन्सीला पहिल्या महिन्यात काही विचारायचं असेल, तर आम्हाला जरूर फोन करू द्यावा.’

यातली शेवटची तीन वाक्यं सगळ्यात मोलाची. नकाशा न देता निघून गेलेल्या ठेकेदाराची आठवण कंपनी पहिल्याच ब्रेकडाउनला काढते, आणि ती चांगली नसते. उलट ज्याच्या नोंदी चोख सापडतात, त्याचं नाव मेन्टेनन्सवाल्यांच्या तोंडी राहतं. मात्र फोनवर मदतीला मुदत घालावी. एक महिना पुरे; नाहीतर ती फुकटची देखभाल होऊन बसते.

पुढच्या कामाबद्दल ‘काही सेवा असल्यास कळवा’ असं लिहिणं जवळपास निरुपयोगी आहे, कारण काय कळवायचं हे समोरच्याला ठाऊक नसतं. त्याऐवजी मोठ्या एजन्सीच्या कंत्राटात सहसा न बसणारं एखादं नेमकं काम सुचवावं: बंद दिवसात पॅनेलची कसून तपासणी, नवं मशीन बसताना केबल टाकणं. नव्या एजन्सीची उणीदुणी मात्र काढू नयेत. निर्णय मुख्य कार्यालयाचा. तिथे शाखेच्या साहेबांना अडचणीत आणून काय साधणार?

एक बारीक गोष्ट बरेचजण विसरतात. मोठ्या कंपन्यांत प्रत्येक पुरवठादाराला व्हेंडर कोड असतो. बराच काळ व्यवहार झाला नाही, तर अनेक ठिकाणी तो बंद करतात. नंतर साहेबांना काम द्यावंसं वाटलं, तरी कागदपत्रांची सगळी फेरी नव्याने होते, आणि छोट्या कामासाठी एवढा खटाटोप कोणी करत नाही. त्यामुळे पत्राची एक प्रत पर्चेस विभागाला द्यावी आणि कोड चालू ठेवण्याची विनंती एका ओळीत करावी. साहेबांची बदली झाली, तरी ती प्रत तिथल्या फाइलमध्ये राहते.

पत्र जावं काम संपल्यावर आठवड्याभरात, लेटरहेडवर, एका पानाच्या आत. पुढचा संपर्क मे महिन्याच्या अखेरीस, पावसाआधी: ‘मुख्य पॅनेलच्या वरच्या पत्र्याचं सील यंदा एकदा पाहून घ्यावं, मागे पावसात तिथूनच पाणी आलं होतं.’ एवढाच निरोप, सोबत कोटेशन नको.