श्राव्य वर्णनासाठी संहिता-संपादन

श्राव्य वर्णन म्हणजे चित्रपट, मालिका किंवा नाटकातील केवळ डोळ्यांनी कळणाऱ्या गोष्टी अंध व अल्पदृष्टी प्रेक्षकांना निवेदनातून सांगणे होय. ही निवेदने मूळ संवादांच्या मधल्या मोकळ्या जागेत बसवावी लागतात. त्यामुळे वर्णनाची संहिता लिहिताना खरा प्रश्न काय सांगावे यापेक्षा काय गाळावे हा असतो. भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात श्राव्य वर्णनाचा उल्लेख आहे.

चित्रपटाचे संकलन पूर्ण झाल्यावरच हे काम हाती घेणे सोयीचे ठरते; नंतर एखादे दृश्य कापले गेले, तर पुढच्या सर्व वेळा बदलतात. संपादक प्रथम संवादांच्या शेजारी प्रत्येक रिकाम्या जागेची सुरुवात व शेवट नोंदवतो. मराठी वाक्य सावकाश वाचताना सेकंदाला सुमारे दोन शब्द बसतात. हा अंदाज ढोबळ असल्याने प्रत्येक ओळ घड्याळ लावून मोठ्याने वाचून पाहावी लागते.

उदाहरणादाखल एक काल्पनिक प्रसंग घेता येईल. आई विचारते, "जेवलास का?" मुलगा म्हणतो, "भूक नाही." सहा सेकंद शांतता, अखेरच्या सेकंदाला पळी पडल्याचा आवाज. मग आई विचारते, "गाडी कितीची आहे?" न पाहणाऱ्याला हा प्रश्न आकाशातून पडल्यासारखा वाटेल. पहिल्या खर्ड्यात अशी ओळ होती: "मुलगा खिशातून हळूच रेल्वेचे तिकीट काढतो आणि आईला दिसणार नाही अशा रीतीने डब्याखाली सरकवतो, पण तिचे लक्ष जाते आणि ती अतिशय दुःखी होते." ही ओळ वाचायला अकरा-बारा सेकंद लागतात, म्हणजे ती आईच्या प्रश्नावर चढते. संपादनानंतर ती अशी झाली: "मुलगा तिकीट डब्याखाली सरकवतो. आई पाहते, तिची पळी निसटते."

'रेल्वेचे' हा शब्द गेला, कारण तो अर्थ पुढचा संवाद देतो. 'दुःखी होते' हा लेखकाने काढलेला निष्कर्ष आहे. निसटणारी पळी मात्र पडद्यावर दिसते. शिवाय ओळ साडेचार सेकंदांत संपते आणि पळीचा आवाज मोकळा ऐकू येतो. तो कशाचा हे श्रोत्याला आधीच कळलेले असते.

घाईत आणखी एक चूक होते. चित्रपटाने ज्याची ओळख राखून ठेवली आहे, त्या पात्राचे नाव वर्णनात आधीच येते. अशा वेळी ओळख उघड होईपर्यंत 'काळ्या शालीतला माणूस' असेच लिहावे लागते.

संपादकाने डोळे मिटून ऐकलेली तपासणी पुरेशी नसते. त्याने चित्र आधी पाहिलेले असते आणि संहितेत राहून गेलेली जागा त्याची स्मृती भरून काढते. म्हणून चित्रपट माहीत नसलेल्या अंध श्रोत्याला तो ऐकवून, प्रसंगात काय घडले ते त्याच्याच शब्दांत सांगायला लावतात. तो जिथे अडखळतो, तिथली ओळ पुन्हा लिहिली जाते.